११४ पैकी १०२, तरी नापास

एक हॉटेल डोळ्यांसमोर आणा. नाव नको, गाव कुठलंही चालेल. स्वयंपाकघरात तपासणी झाली आणि ११४ पैकी १०२ गुण पडले. दुसऱ्या हॉटेलात त्याच तक्त्याने तपासणी झाली, तिथे जेमतेम ८४. पहिलं नापास झालं, दुसरं पास. मालकांना हा अन्याय वाटतो, आणि कागद हातात घेऊन भांडायला येणारे मालकही काही कमी नसतात. मला मात्र या तक्त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते.

हा तक्ता आहे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा, म्हणजे सगळे ज्याला एफएसएसएआय म्हणतात त्याचा. परवान्याबद्दलच्या २०११ च्या नियमांना अनुसूची ४ जोडलेली आहे आणि तिच्यातल्या स्वच्छतेच्या अटी या तक्त्यात प्रश्नांच्या रूपाने मांडल्या आहेत. बहुतेक प्रश्नांना २ गुण आणि मोजक्या प्रश्नांना ४. बेरीज १०० किंवा जास्त झाली तर ए प्लस, ९१ ते ९९ असेल तर ए, ७६ ते ९० म्हणजे बी, सुधारणेला वाव. त्याखाली श्रेणीच नाही. इथवर कोणालाही समजतं. पण काही प्रश्नांपुढे एक चांदणी छापलेली असते, आणि त्यांतला एक जरी चुकला तरी सगळी तपासणी नापास, बेरीज काहीही येवो. शाळेच्या निकालात एका विषयात गचकलं की बाकीच्या टक्क्यांना विचारतो कोण, तसंच हे.

आता ते १०२ कसे झाले ते पाहू. पहिल्या हॉटेलात फरशीची एक लादी फुटलेली होती, ओट्यावरच्या दिव्याला आवरण नव्हतं, प्रशिक्षणाची नोंदवही अर्धवट होती आणि एका बाजूची खिडकी जाळीशिवाय उघडी होती. चार मुद्द्यांचे दोन-दोन, म्हणजे आठ गुण गेले, राहिले १०६. मग तपासणाऱ्याने पिठाची कोठी भिंतीपासून पुढे ओढली आणि मागे उंदराच्या लेंड्या सापडल्या. किडे-उंदरांची खूण आढळू नये, हा चांदणीचा प्रश्न. चार गुण गेले, १०२ उरले. बेरजेने ए प्लस, निकाल मात्र नापास. दुसऱ्या हॉटेलात रंगाचे पोपडे निघालेले, जागा अडचणीची, नोंदवह्या यथातथा. असे पंधरा मुद्दे चुकले आणि तीस गुण गेले, पण चांदणीचा एकही प्रश्न चुकला नाही. त्याला बी श्रेणी मिळाली आणि यादी हातात पडली, एवढं दुरुस्त करा म्हणून.

बेरजेत एक खोट असते. एकीकडचं उणं दुसरीकडच्या अधिकाने भरून निघतं. वह्या नीट नसतील आणि भांडी लख्ख असतील तर तसं चालूनही जाईल. पण पिण्यायोग्य नसलेलं पाणी वरणात गेलं, तर भिंतीच्या पांढऱ्या टाइल्स त्याची भरपाई कशी करणार? जुलाब झालेला माणूस कोशिंबीर चिरत असेल, तर परवाना दर्शनी भागात टांगला म्हणून गिऱ्हाईक वाचत नाही. ज्या चुकीने माणूस थेट आजारी पडतो, ती बेरजेतून बाहेर काढायची, एवढंच चांदणीचं काम.

अडचण पुढे आहे. एका खुणेवर सगळा निकाल फिरतो हे ठाऊक असलं की तपासणाऱ्याचाही हात अडखळतो. “साहेब, जुन्या असतील हो त्या लेंड्या,” असं म्हणणारा मालक समोर उभाच असतो. जुनी-नवी हे ओळखता येतं. ताजी लेंडी काळसर, चकचकीत आणि मऊ असते, तर जुनी करडी पडते आणि काडीने दाबली की भुगा होतो. पण जुनी निघाली म्हणूनही सुटका नाही. कोठीमागचा केर कित्येक दिवस निघालेला नाही, हे तीच सांगते. झुरळांचं म्हणाल, तर उघड्यावर फिरणाऱ्यांपेक्षा फ्रिजच्या दाराच्या रबराच्या घडीत बघावं, मागे कॉम्प्रेसरच्या उबेला बघावं. तपकिरी, शेंगेसारखी अंड्यांची कोशं तिथे मिळतात.

अन्न आतून किती तापलं, हा प्रश्न याहून अवघड. मांसाहारी पदार्थाच्या गाभ्यात ६५ अंश सेल्सिअस दहा मिनिटं, किंवा ७० अंश दोन मिनिटं, किंवा ७५ अंश पंधरा सेकंद टिकले पाहिजेत. थर्मामीटरची सळई चिकनच्या सगळ्यात जाड तुकड्यात खुपसायची, हाडाला किंवा पातेल्याला न टेकवता. आकडा ७६ आला की सगळे खूश. पण तो थर्मामीटर बरोबर आहे हे कशावरून? मोजणीची साधनं वेळोवेळी तपासून घेतात का, हा प्रश्न याच तक्त्यात वेगळा आहे, आणि तो साधा, दोन गुणांचा. तिथे “नाही” आणि तापमानापुढे “होय” असं लिहिलेला कागद मला कधीच पटत नाही. थर्मामीटर आठ अंश जास्त दाखवत असेल तर ते चिकन ६८ वरच उतरवलेलं असतं. चांदणीचा प्रश्न असा साध्या प्रश्नाच्या खांद्यावर उभा असतो, आणि बेरजेला हे नातं दिसत नाही.

थर्मामीटर तपासणं काही कठीण नाही. पेलाभर बर्फाचा चुरा घ्यायचा, तो भिजेल इतकंच पाणी घालायचं, ढवळायचं आणि सळई मधोमध धरायची. आकडा शून्यावर यायला हवा. उकळत्या पाण्याने तपासणार असाल तर गावाची उंची ध्यानात ठेवा. मुंबईत पाणी १०० ला उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला, महाबळेश्वरात ९५-९६ ला. तिथे थर्मामीटर १०० दाखवू लागला तर तोच चुकतोय.

नोंदवहीतही पाहण्यासारखं असतं. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ ७५ अंशच, एकाच शाईत, एकाच वळणात लिहिलेले दिसले, तर ती वही एका बैठकीत भरलेली आहे असं समजावं. खऱ्या नोंदी ७४, ७८, ८१ अशा वरखाली होतात. पाण्याच्या चाचणीचा अहवाल दर सहा महिन्यांनी हवा. त्यावरची तारीख सगळे पाहतात, नमुना कुठून घेतला ते फारसं कोणी पाहत नाही. नगरपालिकेच्या नळाचा अहवाल भिंतीवर आणि टाकीत टँकरचं पाणी, असं असेल तर तो कागद त्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

तपासणीत उणीव निघाली म्हणजे लगेच टाळं लागतं असं नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ खाली सुधारणेची नोटीस देता येते आणि तिची मुदत चौदा दिवसांपेक्षा कमी ठेवता येत नाही. तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो, पुढे रद्दही. लोकांच्या आरोग्याला धोका असेल तर कारणं लेखी नोंदवून तो तत्काळ निलंबित करण्याची सोय कायद्यात आहे.

हॉटेलवाल्यांपैकी पुष्कळजण हा तक्ता छापून महिन्याला स्वतःच स्वयंपाकघर तपासतात. चांगली सवय आहे. त्यांना एकच सुचवीन. चांदणीचे प्रश्न वेगळ्या कागदावर काढा आणि आधी तेवढेच तपासा, तेही स्वयंपाकघर थंड असताना दुपारी चारला नव्हे, तर जेवणाची गर्दी चालू असताना. त्यातला एक जरी चुकला तर त्या दिवशी बेरीज करू नका, बेरजेची चौकट कोरी सोडा.