४५ वॅटचा चार्जर लॅपटॉपला का चालत नाही? सी-पोर्टमधली बोलणी समजून घेऊ

सी-टाइप चार्जर विकत घेताना आपण एकच आकडा बघतो: वॅट. ४५, ६५, १००. पण लॅपटॉप चार्ज होणार की नाही, हे त्या मोठ्या आकड्यावर ठरत नाही. ते ठरतं चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेल्या आउटपुटच्या ओळीवर. त्या ओळीत जे लिहिलंय, तेच चार्जर दर वेळी वायर लावली की लॅपटॉपला ‘सांगतो’. हो, अक्षरशः सांगतो. दोघांमध्ये बोलणी होतात, करार होतो आणि मगच वीज वाढते. या पद्धतीचं नाव यूएसबी पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी.

हे एका खऱ्या केसवरून बघू. हिंगणघाटला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा लॅपटॉपचा मूळ ६५ वॅटचा चार्जर बंद पडला. त्याने ऑनलाइन ४५ वॅटचा चांगला पीडी चार्जर मागवला. हिशेब साधा होता: कमी वॅट आहे, तर हळू चार्ज होईल, पण होईल. झालं भलतंच. त्याचा फोन आला, “दादा, मोबाइल फास्ट चार्ज होते याच्यानं, पण लॅपटॉप काहीच घेऊन नाही राहिला.” तिथल्या एका दुरुस्तीवाल्याने बोर्ड गेल्याचं निदान करून साडेचार हजारांचा खर्चही सांगितला होता. रविवारी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे वर्ध्याला आला. माझ्याकडे वायरच्या मध्ये लावायचा छोटा सी-टाइप मीटर आहे. त्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात, आणि चार्जर काय काय देऊ करतोय ती यादीही दिसते.

वायर लावण्याआधी शून्य व्होल्ट

सी-टाइप चार्जर भिंतीत लावून बटण सुरू केलं, तरी त्याच्या तोंडाशी वीज नसते. समोर कोणी आहे याची खात्री झाल्याशिवाय तो पुरवठा उघडतच नाही. ही खात्री कनेक्टरमधल्या सीसी नावाच्या पिनवर होते. लॅपटॉपच्या बाजूला या पिनवर ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टर बसवलेला असतो. चार्जर आपल्या बाजूने या पिनवर हलका दाब ठेवून असतो. वायर जोडली की त्या रेझिस्टरमुळे पिनवरचा व्होल्टेज ठरावीक पातळीवर उतरतो आणि चार्जरला कळतं, पाहुणा आलाय.

मग तो ५ व्होल्ट सोडतो. फक्त ५. चार्जर १०० वॅटचा असला तरी सुरुवात इथूनच. म्हणून लॅपटॉपच्या चार्जरला साधा फोन लावला तर फोन जळेल, ही भीती नियमाने बनवलेल्या चार्जरच्या बाबतीत बाळगायचं कारण नाही. फोनने मागितल्याशिवाय जास्त व्होल्ट येत नाहीत.

चार्जर मेन्यूकार्ड देतो

५ व्होल्ट सुरू झाल्यावर त्याच सीसी पिनवर डिजिटल संदेश सुरू होतात. वेग साधारण ३०० किलोबिट प्रतिसेकंद. पहिला संदेश चार्जरचा: माझ्याकडे हे हे पर्याय आहेत. या संदेशाला सोर्स कॅपॅबिलिटीज म्हणतात. साध्या पीडीत त्यात जास्तीत जास्त ७ नोंदी बसतात आणि पहिली नोंद नेहमी ५ व्होल्टचीच असते.

प्रत्येक नोंद म्हणजे ३२ बिटांचा एक आकडा. त्यात व्होल्टेज ५० मिलिव्होल्टच्या पटीत आणि करंट १० मिलिअँपिअरच्या पटीत लिहिलेला असतो. म्हणजे ‘४०० आणि ३२५’ असं लिहिलं असेल तर ४०० गुणिले ५० मिलिव्होल्ट, म्हणजे २० व्होल्ट. आणि ३२५ गुणिले १० मिलिअँपिअर, म्हणजे ३.२५ अँपिअर. दोन्हींचा गुणाकार ६५ वॅट.

आता दोन चार्जरची मेन्यूकार्डं शेजारी ठेवा. पहिला मावसभावाचा नवा चार्जर, दुसरा माझा:

- ४५ वॅटचा: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर.
- ६५ वॅटचा: वरचे तिन्ही पर्याय, शिवाय २० व्होल्ट ३.२५ अँपिअर.

४५ वॅटच्या यादीत २० व्होल्ट नाहीतच. यात चार्जर बनवणाऱ्याची लबाडी नाही. पीडीच्या नियमांनुसार ४५ वॅटपर्यंतच्या चार्जरला १५ व्होल्टपर्यंत देणं पुरेसं असतं. २० व्होल्ट २.२५ अँपिअर हा पर्याय तो देऊ शकतो, पण सक्ती नाही. ४५ वॅटच्या वर गेलं की मात्र २० व्होल्ट द्यावेच लागतात.

लॅपटॉप मागतो, चार्जर हो म्हणतो

यादी आली की लॅपटॉप रिक्वेस्ट पाठवतो: अमुक क्रमांकाचा पर्याय दे, मला इतका करंट लागेल. उत्तर लगेच, काही मिलिसेकंदांत द्यावं लागतं. चार्जरला मान्य असेल तर तो अ‍ॅक्सेप्ट म्हणतो. व्होल्टेज बदलत असताना लॅपटॉप आपला वापर अगदी कमी करून थांबतो. चार्जर व्होल्टेज वर नेतो आणि स्थिर झालं की शेवटचा संदेश देतो: पीएस रेडी, म्हणजे आता घे. त्यानंतरच लॅपटॉप पूर्ण करंट ओढतो. हे सगळं सेकंदभराच्या आत उरकतं.

माझ्या ६५ वॅटच्या चार्जरला मावसभावाचा लॅपटॉप लावला, तर मीटरवर आधी ५ दिसले, क्षणात २० झाले आणि करंट ३ अँपिअरच्या जवळ गेला. म्हणजे पोर्ट ठीक, बोर्ड ठीक. त्याच्या ४५ वॅटच्या चार्जरवर मात्र मीटर ५ वरच बसून राहिला, करंट नावापुरता.

कारण लॅपटॉपच्या पोटात होतं. त्याच्या बॅटरीवर १४.४ व्होल्ट लिहिलंय, म्हणजे आत ४ सेल एकापुढे एक जोडलेले. प्रत्येक सेल पूर्ण भरताना ४.२ व्होल्टपर्यंत जातो, चार मिळून १६.८. काही लॅपटॉपमधलं चार्जिंग सर्किट आलेला व्होल्टेज फक्त उतरवू शकतं, चढवू शकत नाही. वरच्या टाकीत पाणी न्यायचं आणि नळाचा दाब तिथवर पोचत नाही, तसंच. १५ व्होल्टमधून १६.८ ची बॅटरी भरणार कशी? म्हणून असा लॅपटॉप १५ व्होल्ट मागतच नाही. तो ५ व्होल्टवर समाधान मानतो आणि रिक्वेस्टमध्ये एक खूण लावतो: तुझ्या यादीत माझ्या कामाचं नाही. ज्या लॅपटॉपचं सर्किट व्होल्टेज चढवूही शकतं, तो याच ४५ वॅटच्या चार्जरवर आरामात चार्ज होतो. म्हणूनच ‘माझा तर चालतो’ या मित्राच्या सल्ल्यावर खरेदी करू नये.

वायरलाही मत आहे

या बोलण्यांत तिसरा पक्ष असतो: वायर. साधी सी-टू-सी वायर ३ अँपिअरपर्यंतच धरली जाते. त्याहून जास्त करंट हवा असेल, तर वायरच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते. चार्जर लॅपटॉपला यादी देण्याआधी या चिपला विचारतो, तुला किती झेपतं? चिप ‘५ अँपिअर’ म्हणाली तरच ३ च्या वरचे पर्याय यादीत येतात.

हेही करून बघितलं. तोच ६५ वॅटचा चार्जर, तोच लॅपटॉप, पण फोनसोबत आलेली वायर. मीटरवरच्या यादीत शेवटची नोंद २० व्होल्ट ३.२५ ऐवजी २० व्होल्ट ३ अँपिअर झाली. ६५ चे ६० वॅट झाले. इथे फरक थोडा आहे, पण १०० वॅटचा चार्जर अशा वायरवर ६० वरच अडकतो. मोठा चार्जर घेऊनही चार्जिंग हळू होत असेल, तर संशय आधी वायरवर घ्यावा.

करार मोडून नवा करार

एकदा ठरलं म्हणजे कायमचं ठरलं असं नाही. दोन पोर्टांच्या ६५ वॅटच्या चार्जरवर लॅपटॉप चालू असताना दुसऱ्या पोर्टात फोन लावला, तर चार्जर लॅपटॉपला नवी, लहान यादी पाठवतो. बऱ्याच चार्जरमध्ये लॅपटॉपच्या वाट्याला ४५ वॅट उरतात. काही चार्जर तर आधी दोन्हीकडची वीज क्षणभर तोडतात. आणि नव्या यादीतून २० व्होल्ट गायब झाले असतील, तर वरच्यासारखा लॅपटॉप तिथेच चार्जिंग थांबवतो. गरम झाल्यावरही काही चार्जर अशीच यादी आखडती घेतात. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या आसपास असताना, गादीवर टाकलेला चार्जर दुपारी हळू पडला, तर तो बिघडला असेलच असं नाही. हवेशीर ठेवून, थंड झाल्यावर पुन्हा बघा.

दुकानात जाण्याआधी हे तपासा

लॅपटॉपच्या मूळ चार्जरवर किंवा तळाशी इनपुट लिहिलेलं असतं. तिथे २० व्होल्ट असेल, तर नव्या चार्जरच्या आउटपुटच्या ओळीत २० व्होल्ट शोधा. नुसते वॅट जुळवू नका. फोनच्या ८० वॅटच्या चार्जरवर विसंबू नका. त्यातले बरेच स्वतःच्या कंपनीची वेगळी भाषा बोलतात, आणि चौकोनी यूएसबी-ए तोंडाचा असेल तर त्यातून पीडीची बोलणी होतच नाहीत.

मीटर नसेल तरी काही लॅपटॉपवर झालेला करार वाचता येतो. लिनक्सवर टर्मिनलमध्ये हे द्या:

```
grep . /sys/class/power_supply/ucsi-source-psy-*/uevent
```

उत्तरात अशा ओळी दिसतात:

```
POWER_SUPPLY_VOLTAGE_NOW=20000000
POWER_SUPPLY_CURRENT_MAX=3250000
```

आकडे मायक्रोव्होल्ट आणि मायक्रोअँपिअरमध्ये असतात. सहा शून्यं काढली की २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर. व्होल्टेजच्या जागी 5000000 दिसलं, तर बोलणी फिसकटली आहेत. प्रत्येक लॅपटॉप ही माहिती बाहेर देत नाही, त्यामुळे फाइल सापडली नाही तर काळजी नको. मॅकवर `system_profiler SPPowerDataType` या कमांडने चार्जरचे वॅट दिसतात.

आणि बोर्ड गेलाय असं कोणी सांगितलं, तर पैसे देण्याआधी २० व्होल्ट देणारा दुसरा चार्जर आणि ५ अँपिअरची वायर कुणाकडून तरी मागून एकदा लावून बघा. मावसभावाने ४५ वॅटचा चार्जर फोनसाठी ठेवला आणि ६५ वॅटचा नवा घेतला. साडेचार हजारांची दुरुस्ती करावीच लागली नाही.