कांदा बराखीत, फी जुलैत

जुन्नर-आंबेगावातल्या बऱ्याच घरांचं गणित एका ओळीत मांडता येतं. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो, बराखीत जातो आणि भाव बघून ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत थोडा थोडा मंचर, ओतूर किंवा आळेफाट्याच्या मार्केटला जातो. कॉलेजची फी मात्र जून-जुलैत मागतात. घरात माल आहे, हातात पैसा नाही. फीच्या हप्त्यांसाठी कॉलेजला मेल लिहायचा असेल, तर नेमकं हेच लिहा.

पण आपण काय लिहितो? ‘घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असल्याने कृपया सहकार्य करावे.’ असे अर्ज ऑफिसात ढिगाने येतात. ते खोटे नसतात, पण त्यातून क्लार्कला काहीच कळत नाही. त्याला प्राचार्यांसमोर कागद ठेवायचा असतो आणि तिथे प्रश्न एकच येतो : उरलेले पैसे कधी येणार आणि कुठून? काही जण आजीचं आजारपण रचतात. तालुका लहान आहे, बॉस! क्लार्कचं गाव तुमच्या शेजारचंच निघू शकतं. शिवाय त्याच्याही घरी कांदा असतो, त्यामुळे खरं कारण त्याला लगेच पटतं.

समजा, घोडेगावजवळची एक विद्यार्थिनी आहे, एस.वाय. बी.कॉम.ला. फी १८,६०० रुपये. घरात आज ६,६०० जमतात. तिचा मेल असा असू शकतो :

विषय : एस.वाय. बी.कॉम. – फी तीन हप्त्यांत भरण्याच्या परवानगीबाबत

मा. प्राचार्य,
मी एस.वाय. बी.कॉम.ची विद्यार्थिनी आहे. माझी या वर्षाची फी १८,६०० रुपये आहे. आमचे घर कांद्याच्या उत्पन्नावर चालते. या वर्षीचा कांदा सध्या बराखीत असून त्याची विक्री सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये होईल. त्यामुळे पूर्ण रक्कम आज भरणे शक्य नाही. ६,६०० रुपये मी प्रवेशावेळी भरते. ६,००० रुपये १५ ऑक्टोबरपर्यंत आणि उरलेले ६,००० रुपये १५ डिसेंबरपर्यंत भरेन. गेल्या वर्षीच्या विक्रीच्या दोन पट्ट्या, उत्पन्नाचा दाखला आणि फीचा तपशील सोबत जोडला आहे. परवानगी मिळाल्यास कृपया लेखी कळवावे.

खाली पूर्ण नाव, वर्ग, प्रवेश क्रमांक आणि मोबाईल नंबर. बस्स, एवढंच.

आता जोडलेल्या कागदांकडे बघू. तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला वर्षाची कमाई सांगतो, पण पैसे कोणत्या महिन्यात हातात येतात ते सांगत नाही. सातबारा जमीन दाखवतो, पैसा नाही. ते काम करते ती आडत्याची पट्टी. तिच्यावर तारीख असते, वजन असतं, भाव असतो आणि हमाली-तोलाई वजा जाऊन हातात आलेली रक्कम असते. गेल्या वर्षीच्या सप्टेंबरची आणि नोव्हेंबरची पट्टी एकत्र ठेवली की मेलमधल्या तारखा हवेतून आलेल्या नाहीत, हे दिसतं. तेव्हा वडिलांना विचारा, पट्ट्या बहुतेक पासबुकाच्या पिशवीत नाहीतर देवघराच्या फळीवर सापडतील. घडी मोडून, उजेडात, सरळ वरून फोटो काढा आणि पीडीएफ करा. फाइलला IMG_2043 असं नाव ठेवू नका. Patti_September.pdf असं ठेवलं, तर उघडायच्या आधीच कळतं. आधार कोणी मागितलं नसेल तर जोडू नका. पासबुकाची सगळी पानंही नकोत.

तारीख ठरवताना एक गोष्ट लक्षात घ्या. पट्टी ज्या दिवशी होते, त्याच दिवशी पैसे मिळतीलच असं नाही. म्हणून विक्रीच्या अंदाजापुढे दोन आठवडे सोडा. परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा असतो, तेही ऑफिसात विचारून घ्या. बाकी फीमुळे फॉर्म अडकणार असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

मेल पाठवून गप्प बसू नका. त्याची प्रिंट, त्यावर सही करून, ऑफिसात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख मागून घ्या. ‘बघू, भर नंतर’ हे काउंटरवरचं तोंडी उत्तर म्हणजे परवानगी नव्हे. काउंटरवरचा माणूस बदलला की ते उत्तरही जातं. हप्ता मिळाला म्हणजे फी कमी झाली असंही नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेगळाच भरावा लागतो. तो भरला असेल, तर त्याचा क्रमांक मेलमध्ये एका ओळीत द्या.

आणि कांद्याचा भाव पडला, किंवा बराखीतला माल सडला तर? १५ ऑक्टोबर उलटायची वाट बघू नका. दहा तारखेलाच त्याच मेलला रिप्लाय करा : ताजी पट्टी जोडली आहे, ६,००० ऐवजी सध्या ३,५०० भरते, उरलेले २,५०० ३० नोव्हेंबरपर्यंत. जमलेले ३,५०० त्याच दिवशी भरून पावती घ्या.