डिस्प्ले बदलायचे किती?

संध्याकाळची वेळ. तालुक्याच्या गावातलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. एक बाई फोन काउंटरवर ठेवतात. काचेला एका कोपऱ्यातून तडे गेलेत, पण चित्र स्वच्छ दिसतंय आणि टचही चालतोय. "दादा, डिस्प्ले बदलायचे किती होतील?" कारागीर मॉडेल बघतो, डीलरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजचा रेट शोधतो आणि सांगतो, "ताई, साडेअठराशेत होईल, तेहतीसशे पन्नासात होईल आणि अठ्ठेचाळीसशे पन्नासातही होईल."

एकाच फोनच्या एकाच दुरुस्तीला तीन भाव ऐकले की गिऱ्हाइकाला वाटतं, हा आपल्याला बनवतोय. पण या तीन आकड्यांमागे तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत. (इथले आकडे मधल्या किमतीच्या एका ॲमोलेड फोनसाठी नमुन्याला घेतले आहेत. मॉडेल बदललं की ते बदलतात, हिशेबाची रीत तीच राहते.)

काच, टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेल्या भागाला या धंद्यात फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. ॲमोलेड फोनसाठी सगळ्यात स्वस्त मिळतो तो टीएफटी किंवा इनसेल प्रकारचा फोल्डर. तो मुळात एलसीडी असतो. ॲमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, एलसीडीला मात्र मागून सतत दिवा लागतो. या एका फरकातून बाकीचे सगळे फरक निघतात. मागच्या दिव्यामुळे फोल्डर जाड होतो, म्हणून फ्रेममध्ये तो पूर्ण बसत नाही आणि कडेला फट राहते. स्क्रीनखालचा बोटाच्या ठशाचा सेन्सर बंद पडतो, कारण त्या सेन्सरला पडद्याच्या आरपार बघावं लागतं आणि एलसीडीच्या मागचे थर त्याची वाट अडवतात. त्यावरची पायरी म्हणजे दुसऱ्या कारखान्यात बनलेला ओएलईडी. त्यात काळा रंग खरा काळा दिसतो आणि बहुतेक वेळा ठसाही चालतो, पण उजेड आणि रंग मूळ पडद्याइतके उतरत नाहीत. सगळ्यात वर कंपनीचा मूळ माल. सॅमसंगच्या बाबतीत बाजारात त्याला सर्व्हिस पॅक म्हणतात.

फरक ओळखायला गिऱ्हाइकाला यंत्र लागत नाही. फोनवर पूर्ण काळं चित्र उघडायचं आणि फोन अंधाऱ्या कोपऱ्यात धरायचा. ॲमोलेड असेल तर पडदा बंद असल्यासारखा वाटतो. एलसीडी असेल तर राखाडी उजेड झिरपताना दिसतो.

मग 'ओरिजिनल' या शब्दाचं काय? बाजारात त्याचा अर्थ इतका सैल झालाय की त्यावर भाव ठरवूच नये. कुणी मूळ पडद्यावर नवी काच चिकटवून त्याला ओरिजिनल म्हणतं, कुणी जुन्या फोनमधून काढलेल्या फोल्डरला. दोन्ही माल वाईट नसतात, पण ते कंपनीच्या डब्यातून आलेले नव्हेत. हे बिलावर जसंच्या तसं लिहिलं पाहिजे: 'इनसेल', 'ओएलईडी', 'काच बदललेला मूळ'. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि जो दुकानदार बिलावर ग्रेड लिहितो, त्याचं महिन्याभरानंतरचं भांडण आधीच मिटलेलं असतं.

भाव रोज हलतो त्यालाही कारणं आहेत. हा माल मुख्यतः चीनमधल्या शेन्झेनहून येतो, दिल्लीचं गफ्फार मार्केट किंवा मुंबईचं मनीष मार्केट अशा बाजारांतून कुरिअरने गावोगावी पोचतो. डॉलर वधारला किंवा माल कस्टममध्ये अडकला की रेट चढतो. शिवाय प्रत्येक मॉडेलचं एक आयुष्य असतं. फोन नवा असताना फक्त कंपनीचा महाग फोल्डर मिळतो. काही महिन्यांनी कॉपी येते आणि भाव घसरतो. फोन जुना झाला की तो फोल्डर बनवणंच थांबतं आणि उरलेला माल पुन्हा महाग होतो. म्हणून जाणता दुकानदार ड्रॉवरमधला फोल्डर आपण कितीला घेतला होता ते बघत नाही, आज नवा आणायला किती पडतील ते बघतो. भाव चढलेला असताना जुन्या खरेदीवर विकला, तर तोच फोल्डर परत आणताना पदरचे पैसे घालावे लागतात. भाव उतरला असेल तर तोटा सोसून आजच्याच भावाने द्यावा लागतो, कारण शेजारचा तसाच देणार. सांगितलेला भाव आजच्यापुरता आहे, हेही त्याच वेळी सांगून टाकायचं.

खरी मेख पुढे आहे. बरीच दुकानं खरेदीवर सरसकट टक्के चढवतात. समजा चाळीस टक्के. बाईंच्या फोनचा इनसेल फोल्डर 1,100 रुपयांना येतो, म्हणजे भाव 1,540. मूळ फोल्डर 4,300 ला येतो, म्हणजे भाव 6,020. आता कामाकडे बघा. फोन गरम करून जुना पडदा सोडवणं, फ्रेम खरवडणं, पट्टी जोडणं, गोंद लावून रबरबँड बांधून ठेवणं, दोन्हीला लागतो तेवढाच एक तास. मजुरी, भाडं, वीज धरून त्या तासाचे 450 रुपये. परत मात्र स्वस्त मालच जास्त येतो: कुठे टच आपोआप चालतो, कुठे रेघ उमटते. दहा इनसेलमागे दोन परत आले असं धरलं, तर प्रत्येक वेळी नवा फोल्डर आणि पुन्हा एक तास, म्हणजे 1,550. दोनदा 3,100. ते दहा फोनांवर वाटले तर फोनमागे 310.

म्हणजे 1,540 मधून फोल्डरचे 1,100 आणि परतीचे 310 गेल्यावर तासाभराच्या कामाचे 130 रुपये उरतात. दुसरीकडे 6,020 ऐकून गिऱ्हाईक पायरी उतरतं. टक्क्यांच्या हिशेबात स्वस्त माल दुकानाला खातो आणि चांगला माल विकलाच जात नाही.

म्हणून त्या कारागिराने तिन्ही ग्रेडला मजुरी एकच धरली, 450, आणि परतीची तरतूद ग्रेडप्रमाणे वेगळी. इनसेलला 1,100, 450 आणि 310 मिळून साधारण साडेअठराशे. ओएलईडी 2,600 ला येतो आणि दहांत एक परत येतो असं धरलं, तर तरतूद 305, भाव 3,350. मूळ फोल्डर चाळीसांत एखादाच परत येत असेल, तर तरतूद 120 च्या आत आणि भाव 4,850. परतीचे हे प्रमाण ज्याच्या त्याच्या वहीतून काढायचं. कोणत्या डीलरचा कोणता माल किती दिवसांत परत आला, एवढं तारखेनिशी लिहिलं तरी तीन महिन्यांत आकडा हाती येतो.

ती तरतूद कमी करण्याची संधी एकदाच मिळते, ती गोंद लावण्याआधी. डीलर सहसा स्टिकर शाबूत असलेला, न चिकटवलेला फोल्डरच परत घेतो. म्हणून आधी नुसती पट्टी जोडून फोन चालू करायचा. सॅमसंगमध्ये डायल करायच्या जागी *#0*# टाकलं की चाचणीचा पडदा उघडतो. लाल, हिरवा, निळा रंग भरून डाग बघायचे, मग बोटाने कडेपर्यंत चौकटी रंगवायच्या. एक चौकट जरी कोरी राहिली तरी फोल्डर डीलरकडे परत.

बाईंनी ओएलईडी निवडला. ठशाने फोन उघडायची सवय होती, म्हणून इनसेल नको झाला. चाचणीत ठसा चालला, तेव्हाच कारागिराने गोंदाची नळी उघडली. मग जुना फोल्डर त्यांच्यासमोर ठेवला. त्याची काच फुटली होती, पण आतला पडदा मूळ आणि जिवंत होता. असे पडदे काच बदलून पुन्हा विकले जातात, त्यामुळे बाजारात त्यांना गिऱ्हाईक असतं. अनेक दुकानांत तो गुपचूप ड्रॉवरमध्ये जातो. इथे कारागिराने विचारलं, "हा घरी नेता की मला देता? देणार असाल तर पाचशे कमी करतो." बिलावर लिहिलं गेलं: ओएलईडी फोल्डर 2,600, मजुरी आणि वॉरंटी 750, जुना फोल्डर जमा 500, एकूण 2,850.