लकी इमेजिंग: बारा हजार फ्रेम्समधून गुरूचे एक चित्र

## व्याख्या

ग्रहाचा एकच फोटो न काढता दुर्बिणीतून दोन-तीन मिनिटांचा वेगवान व्हिडिओ घेतला जातो. वातावरण क्षणभर शांत असताना टिपल्या गेलेल्या फ्रेम्स त्यातून वेगळ्या काढल्या जातात, त्या एकमेकींवर अचूक बसवून त्यांची सरासरी केली जाते आणि या सरासरी चित्रात दबून राहिलेला तपशील वेव्हलेट पद्धतीने वर आणला जातो. या संपूर्ण क्रमाला लकी इमेजिंग म्हणतात. नावात नशीब असले तरी ते मोजता येण्याजोगे आहे आणि निवडीचे सारे गणित त्याच मोजणीवर उभे आहे.

## अडथळा कुठे आहे

20 सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण सिद्धान्ताने सुमारे 0.6 ते 0.7 विकला इतका बारीक तपशील वेगळा दाखवू शकते. 10 जानेवारी 2026 च्या प्रतियुतीच्या सुमारास गुरूचे बिंब जवळजवळ 47 विकला रुंद होते. त्यामुळे त्यावरचे पट्टे, पट्ट्यांच्या कडांवरची वळणे आणि तांबडा डाग ही सर्व वैशिष्ट्ये अशा दुर्बिणीच्या आवाक्यात येतात. प्रत्यक्षात ती क्वचितच नीट दिसतात, कारण वेगवेगळ्या तापमानाच्या हवेच्या थरांतून येताना प्रकाशकिरण सतत किंचित वळत राहतात.

अंतर्गत रायगडातील महाड आणि पोलादपूर परिसरात हा अडथळा दोन पातळ्यांवर असतो. वरचा अडथळा दहा-बारा किलोमीटर उंचीवरील वेगवान वाऱ्यांचा असून तो गावागणिक बदलत नाही. खालचा मात्र पूर्णपणे स्थानिक आहे. सावित्री नदीचे खोरे डोंगरांनी वेढलेले आहे आणि पोलादपूर तर आंबेनळी घाटाच्या थेट पायथ्याशी वसले आहे. सूर्यास्तानंतर डोंगरउतारांवरची हवा लवकर थंड होऊन खोऱ्यात उतरते. त्याच वेळी काँक्रीटचे स्लॅब, पत्र्यांची छपरे आणि डांबरी रस्ते दिवसाची उष्णता बाहेर टाकत असतात. या दोन हवा जिथे मिसळतात तिथून पाहिलेले बिंब उकळल्यासारखे दिसते. म्हणूनच गच्चीपेक्षा कापणी झालेले भातखाचर किंवा गवताळ मोकळी जागा बरी ठरते. जानेवारीत गुरू मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत उंच येत होता, तोपर्यंत स्लॅबची बरीच उष्णता निघून गेलेली असते. पहाटे नदीकाठी धुके उतरले की काम थांबतेच, शिवाय दमट हवेमुळे दुर्बिणीच्या काचेवर दवही लवकर धरते.

बिघाड कोणत्या पातळीवर आहे हे एखादा तेजस्वी तारा मुद्दाम फोकसबाहेर नेऊन ओळखता येते. त्याच्या पसरलेल्या चकतीवर रेषा एकाच दिशेने झपाट्याने वाहत असतील तर दोष उंचावरील वाऱ्याचा आहे. संथ, वर चढणारे धुरासारखे आकार दिसत असतील तर आरसा अजून थंड झालेला नाही आणि गरम हवा दुर्बिणीच्या नळीतच फिरत आहे. पहिल्यावर उपाय नाही. दुसऱ्यासाठी दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवणे पुरते.

## नशिबाचे गणित

हवेच्या अस्थिरतेचे एक सोयीस्कर माप आहे. ज्या व्यासापर्यंत येणारी प्रकाशलहर जवळजवळ सपाट राहते, त्या व्यासाला फ्राइड परिमाण म्हणतात. साधारण ठिकाणी ते काही सेंटिमीटरच असते. डेव्हिड फ्राइड यांनी 1978 मध्ये दाखवले की दुर्बिणीचा व्यास या परिमाणाच्या पाचपट असेल तर साधारण 11 टक्के अल्पकालीन प्रतिमा जवळजवळ निर्दोष मिळतात. सहापट असेल तर हे प्रमाण 2 टक्क्यांवर येते, सातपटीला पाव टक्का उरते आणि दहापटीला दहा लाखांत एक.

महाडच्या एखाद्या रात्री हे परिमाण 4 सेंटिमीटर आहे असे धरू. 20 सेंटिमीटरच्या दुर्बिणीला तेव्हा नऊ फ्रेम्समागे एक चांगली मिळेल. त्याच रात्री, त्याच अंगणात, 25 सेंटिमीटरच्या दुर्बिणीला ऐंशी फ्रेम्समागे जेमतेम एक मिळेल. दुर्बीण मोठी असली की चित्र आपोआप चांगले येते हा समज इथे खोटा ठरतो. मोठ्या दुर्बिणीची उत्तम फ्रेम अधिक बारीक असते हे खरे, पण ती फार दुर्मीळ असते.

## चित्रीकरण

कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन त्याला पाचने गुणले की योग्य फोकल गुणोत्तर साधारण मिळते. 2.9 मायक्रॉनच्या पिक्सेलला f/15 च्या आसपासचे गुणोत्तर लागते. f/6 ची 20 सेंटिमीटर डॉब्सोनियन आणि अडीचपट बार्लो भिंग यांच्या जोडीने ते साधते. फोकल लांबी 3000 मिलिमीटर होते, एका पिक्सेलमध्ये 0.2 विकला बसते आणि गुरूचे बिंब सुमारे 235 पिक्सेल रुंद उतरते. याहून जास्त मोठे केल्यास तपशील वाढत नाही, प्रकाश मात्र पातळ होतो आणि एक्स्पोजर लांबवावे लागते. एक्स्पोजर लांबले की हवेचा शांत क्षण त्याच्या शेजारच्या खराब क्षणांत विरघळतो. गुरूसाठी 10 मिलिसेकंदांच्या आसपासचे एक्स्पोजर चालते, म्हणजे सेकंदाला शंभर फ्रेम्स. बिंबापुरताच लहान चौकोन नोंदवला तर लॅपटॉपला हा वेग झेपतो.

व्हिडिओची लांबी गुरूचे परिवलन ठरवते. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे बिंबाच्या मध्यावरील एखादे वैशिष्ट्य मिनिटाला सुमारे पाव विकला सरकते. दोन मिनिटांत ते अर्धी विकला जागा सोडते, म्हणजे दुर्बिणीच्या मर्यादेच्या जवळ पोहोचते. दोन मिनिटांत 12,000 फ्रेम्स जमतात. त्याहून जास्त वेळ हवा असेल तर अनेक छोटे व्हिडिओ घेऊन विनज्युपॉससारख्या प्रणालीने परिवलनाची भरपाई करावी लागते.

महाडचे अक्षांश सुमारे 18 अंश उत्तर आहेत आणि जानेवारी 2026 मध्ये गुरूची क्रांती 22 अंश उत्तरेच्या आसपास होती. त्यामुळे गुरू जवळजवळ खमध्यावरून गेला. प्रकाशाला हवेचा सर्वांत पातळ थर ओलांडावा लागला आणि क्षितिजाजवळ दिसणारी निळी-तांबडी किनार उरली नाही. गैरसोय एवढीच की डॉब्सोनियन दुर्बीण नेमकी खमध्याजवळ हाताने वळवणे सर्वांत त्रासाचे असते.

## निवड आणि स्टॅकिंग

ऑटोस्टॅकर्टसारखी प्रणाली प्रत्येक फ्रेममध्ये शेजारच्या पिक्सेल्समधील उजेडाचा फरक तपासते. फरक जितके तीव्र, तितकी फ्रेम स्पष्ट मानली जाते. त्या क्रमाने सर्व फ्रेम्स लावून गुणवत्तेचा आलेख काढला जातो. आलेख आरंभी उंच असून झपाट्याने कोसळत असेल तर रात्र अस्थिर होती आणि थोड्याच फ्रेम्स घेण्यात अर्थ आहे. उतार मंद असेल तर निम्म्या फ्रेम्सही चालतात. एक सावधगिरी आवश्यक आहे: चित्रात दाणेदारपणा फार असेल तर प्रणाली त्यालाच तपशील समजून चुकीच्या फ्रेम्सना वरचा क्रमांक देते. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकाच्या काही फ्रेम्स डोळ्यांनी पाहून घ्याव्या लागतात.

किती फ्रेम्स ठेवायच्या हा या पद्धतीतील खरा निर्णय आहे. सरासरीमुळे दाणेदारपणा फ्रेम्सच्या संख्येच्या वर्गमुळाने घटतो. 12,000 पैकी 1 टक्का, म्हणजे 120 फ्रेम्स घेतल्या तर तो अकरावा भाग उरतो. 10 टक्के घेतल्या तर पस्तिसावा आणि 50 टक्के घेतल्या तर सत्त्याहत्तरावा. दहा टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर गेल्यास फ्रेम्स पाचपट होतात, पण लाभ सव्वादोनपटच मिळतो आणि त्यासाठी कितीतरी धूसर फ्रेम्स आत घ्याव्या लागतात. वर धरलेल्या रात्रीचे 11 टक्के लक्षात घेता दहा टक्क्यांची निवड सयुक्तिक ठरते.

शिवाय हवा संपूर्ण बिंब एकसारखे हलवत नाही. एकाच फ्रेममध्ये उत्तरेचा पट्टा स्पष्ट आणि दक्षिणेचा वेडावाकडा असू शकतो. म्हणून बिंबावर अनेक संरेखन बिंदू ठेवून प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासला आणि बसवला जातो. बिंदूंचे चौकोन फार लहान केले तर प्रणालीला पकडण्याजोगा तपशील सापडत नाही. तेव्हा तुकड्यांच्या शिवणी चित्रात जाळीसारख्या उमटतात.

## वेव्हलेट

स्टॅक केलेले चित्र पहिल्या दृष्टीस निराश करते. ते गुळगुळीत पण मऊ असते. त्यातील बारीक तपशील नष्ट झालेला नसतो, त्याचा उठाव तेवढा कमी झालेला असतो. वेव्हलेट पद्धतीत हे चित्र क्रमाक्रमाने अधिक धूसर केले जाते आणि दर दोन पायऱ्यांमधील फरक एकेक थर म्हणून वेगळा ठेवला जातो. पहिल्या थरात एका पिक्सेलएवढा तपशील येतो, मग दोन, चार, आठ अशा चढत्या क्रमाने पुढचे थर. सर्व थर आणि उरलेले धूसर चित्र यांची बेरीज केली की मूळ चित्र परत मिळते. बेरजेपूर्वी एखादा थर गुणून मोठा केला तर तेवढ्याच आकाराचा तपशील उठून दिसतो. रेजिस्टॅक्समधील सरकपट्ट्या हेच गुणक बदलतात.

आता आधीची मोजमापे उपयोगी पडतात. एका पिक्सेलमध्ये 0.2 विकला असेल तर दुर्बिणीच्या मर्यादेएवढा तपशील तीन पिक्सेल्सहून थोडा मोठा असतो. पहिल्या थरात म्हणून जवळजवळ केवळ दाणेदारपणाच असतो आणि तो वाढवण्यात काही मिळत नाही. गुरूचा तपशील मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या थरांत सापडतो. गुणक मोठा केला की त्या थरातला दाणेदारपणाही तितकाच वाढतो. 120 फ्रेम्सचे चित्र कितीही स्पष्ट फ्रेम्समधून आलेले असले तरी या टप्प्यावर हात टेकते, आणि 1200 फ्रेम्सचे तग धरते. निवडीच्या वेळी सोसलेली तडजोड इथे वसूल होते.

## खरे की बनावट

अतिरेकी वेव्हलेटमुळे बिंबाच्या कडेला उजळ किनार येते, तिच्या आत समांतर कडी उमटते आणि उपग्रहांभोवती काळे वर्तुळ पडते. या खुणा ओळखायला सोप्या आहेत. पट्ट्यांमध्ये उमटलेला एखादा नवा ठिपका खरा की प्रक्रियेने निर्माण केलेला, हे ठरवणे अवघड. त्यासाठी लागोपाठ दोन स्वतंत्र व्हिडिओ घेऊन दोन्हींवर नेमकी तीच प्रक्रिया करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. ठिपका दोन्ही चित्रांत असेल आणि परिवलनाच्या हिशेबाने योग्य तेवढा सरकला असेल तरच तो गुरूवरचा मानावा.

## मर्यादा

व्यास खूप वाढला की निव्वळ निवड अपुरी पडते, हे फ्राइड यांच्या आकड्यांतच आहे. त्यामुळे मोठ्या वेधशाळा फ्रेम्स निवडण्यापेक्षा विकृती क्षणोक्षणी दुरुस्त करणारे आरसे वापरतात. पुण्याच्या आयुकाने कॅलटेकसोबत विकसित केलेली रोबो-एओ ही प्रणाली पालोमार वेधशाळेच्या 1.5 मीटर दुर्बिणीवर याच कामासाठी बसवली गेली.

अंतर्गत रायगडात मोठी मर्यादा पावसाळ्याची आहे. शनीची 4 ऑक्टोबर 2026 ची प्रतियुती परतीच्या पावसाच्या ढगांत सापडण्याची शक्यता बरीच आहे. गुरू आणि मंगळ मात्र दोघेही फेब्रुवारी 2027 मध्ये, कोरड्या ऋतूत, प्रतियुतीला येतात. 19 फेब्रुवारीच्या प्रतियुतीला मंगळाचे बिंब जेमतेम 14 विकला, म्हणजे वरच्याच जुळणीत सुमारे 70 पिक्सेल रुंद असेल. त्याचे परिवलन साडेचोवीस तासांहून थोडे अधिक असल्याने त्याच्यासाठी पाच मिनिटांचा व्हिडिओही चालतो.