बेंबीतून सांध्यापर्यंत

श्रावणातली गोष्ट. सकाळी फोन आला, "डॉक्टर, कालवडीचा पाय मुरगळलाय. गाईनंच तुडवलं असणार." गोठ्यात पोचलो तर नऊ दिवसांची संकरित कालवड भिंतीला अंग टेकून उभी होती. पुढच्या उजव्या पायाचा गुडघा लिंबाएवढा सुजला होता आणि तो पाय ती जमिनीवर पुरता टेकत नव्हती. मी खाली बसलो आणि आधी तिच्या पोटाखाली हात घातला. दादा म्हणाले, "पाय दुखतोय साहेब, पोट नाही." पण बोटांना जे लागायला नको होते ते लागले. बेंबीपाशी अंगठ्यापेक्षा जाड, गरम गोळा होता. दाबताच कालवडीने मागचा पाय झाडला आणि खपलीच्या कडेने पिवळट पू आला. त्याला वास होता.

गुडघा कोणी तुडवला नव्हता. गुडघ्यातला पू बेंबीतून आत शिरला होता, आणि ती वाट नऊ दिवसांपूर्वी, कालवड जन्मली त्या रात्रीच उघडी राहिली होती.

ही वाट नीट समजून घ्यायला हवी. वासरू गाईच्या पोटात असते तेव्हा नाळेतून त्याच्याकडे चार नळ्या येतात. एका मोठ्या शिरेतून वारेकडचे रक्त थेट यकृताकडे जाते. दोन रोहिण्या वासराचे रक्त परत वारेकडे नेतात. चौथी नळी मूत्राशयाची. नाळ आपोआप ताणून तुटली की रोहिण्या आणि मूत्राशयाची नळी रबरासारख्या आखडून पोटात ओढल्या जातात. शीर मात्र तशी आत जात नाही. तिचे टोक लोंबणाऱ्या नाळेत राहते. बाहेरून आपल्याला ओली, पांढुरकी, वीतभर दोरी दिसते. प्रत्यक्षात ती जमिनीपासून यकृतापर्यंत पोचणारी नळी असते. तिचे टोक शेणामुतात लोळत राहिले तर जंतूंना आत जायला दुसरा रस्ता शोधावा लागत नाही.

एरवी रक्तात शिरलेल्या जंतूंशी लढायला अंगात प्रतिद्रव्ये असतात. वासराकडे ती जन्मतः नसतात, कारण गाईच्या वारेतून ती पिलाकडे जात नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून. शिवाय वासराच्या आतड्यातून ती जशीच्या तशी रक्तात उतरण्याची सोय पहिल्या काही तासांतच उत्तम असते. नंतर ती झपाट्याने कमी होते आणि साधारण एका दिवसात संपते.

मी विचारले, "चीक कधी पाजला?" वहिनींनी सांगितले, "वार पहाटे पडली, मग काढला." कालवड रात्री नऊला जन्मली होती. वार पडल्याशिवाय कासेला हात लावायचा नाही, हा समज मी कितीतरी गोठ्यांत पाहिला आहे, आणि तो माणसे गाईच्या काळजीपोटीच पाळतात. पण वार पडायला आठ-दहा तास सहज लागतात, आणि चीक काढल्याने वार अडत नाही. उलट कास पिळताना गाईच्या अंगात जो स्राव सुटतो, त्याने गर्भाशय आकुंचन पावते. या कालवडीला पहिला चीक जन्मानंतर आठ तासांनी मिळाला, तोही लिटरभरच. तीस किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांतच दीड लिटर आणि बारा तासांच्या आत आणखी तेवढाच चीक मिळायला हवा. म्हणजे एकूण वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा.

नाळेला त्यांनी औषध लावले होते, आणि मनापासून लावले होते. घरातल्या तपकिरी मलमाचा बोळा नाळेच्या मुळाशी एकदा फिरवला होता. लोंबणारे टोक कोरडेच राहिले, म्हणजे जिथून धोका होता तेवढीच जागा सुटली. काही घरांत हळद, चुन्याची निवळी किंवा राख लावतात. राखेने नाळेवर कवच धरते, पण त्या कवचाखाली ओल कोंडते.

नाळेला औषध पुसायचे नसते, नाळ औषधात बुडवायची असते. यासाठी ७ टक्के टिंक्चर आयोडीन चांगले. ते अल्कोहोलमध्ये बनवलेले असते, त्यामुळे जंतू मरतातच, शिवाय नाळेतले पाणी खेचले जाऊन ती लवकर सुकते. मेडिकलच्या दुकानात मागताना इथे घोटाळा होतो. साधे टिंक्चर आयोडीन बहुधा २ टक्क्यांचे असते. पोविडोन आयोडीनच्या बाटलीवर १० टक्के लिहिलेले असते, ते वाचून ते सातापेक्षा तीव्र असेल असे वाटते. पण ते दहा टक्के पोविडोनसकटचे आहेत. त्यातले उपयोगी आयोडीन एक टक्क्याच्या आसपास भरते, आणि ते पाण्यात असल्याने नाळ तितकी सुकवतही नाही. काहीच हाताशी नसेल तर ते वापरावे, पण मग बुडवणे जास्त वेळा करावे. धार काढल्यावर सडांना लावायचे औषध मात्र नाळेला नको. सडाची कातडी मऊ राहावी म्हणून त्यात ग्लिसरीनसारखे पदार्थ घालतात, आणि आपल्याला नाळ मऊ ठेवायची नाही, वाळवायची आहे.

कृती अर्ध्या मिनिटाची आहे. वासरू जन्मल्यावर नाक-तोंड साफ झाले, श्वास सुरू झाला की हात साबणाने धुवावेत. खोकल्याच्या औषधासोबत मिळते तसल्या लहान प्लास्टिकच्या कपात दोन-तीन चमचे औषध घ्यावे. वासरू उभे असताना कप खालून वर नेऊन पोटाला टेकवावा, म्हणजे पूर्ण नाळ त्यात बुडेल आणि मुळाशी कातडी सुरू होते तिथपर्यंत औषध पोचेल. अर्धा मिनिट तसाच धरून ठेवावा. उरलेले औषध फेकून द्यावे. तेच दुसऱ्या वासराला वापरले तर पहिल्याची घाण दुसऱ्याच्या नाळेत जाते. हे पहिल्या अर्ध्या तासात एकदा, मग बारा तासांनी पुन्हा. गोठा ओला असेल तर नाळ सुकेपर्यंत दोन-तीन दिवस. तीव्र आयोडीन सभोवतालच्या पोटावर पुन्हा पुन्हा फासू नये, कातडी भाजते.

नाळ आपोआप तुटली असेल आणि रक्त गळत नसेल तर ती बांधूही नये, कापूही नये. रक्त ठिबकत असेल किंवा नाळ जमिनीवर घासत असेल, तरच आयोडीनमध्ये भिजवलेल्या दोऱ्याने पोटापासून दोन इंचांवर गाठ मारावी आणि गाठीच्या खाली अर्ध्या इंचावर उकळलेल्या कात्रीने कापावी. ओढून तोडू नये. औषध कितीही चांगले असले तरी वासरू लगेच ओल्या शेणात बसले तर त्याचा निम्मा उपयोग जातो. मला निवड करायला सांगितली तर मी आधी कोरडे पाचट मागेन आणि मग बाटली.

आता कालवडीकडे परत येतो. नाळ पहिल्या दिवशी ओली असते. आठवडाभरात ती सुतळीसारखी काळी, कडक होते आणि पुढे काही आठवड्यांत गळून पडते. मुळाशी हात लावला तर बोटाएवढी जाडी लागते, पण गरम लागत नाही आणि वासरू दचकत नाही. जाडी वाढत गेली, ओल आली, वास आला, दाबल्यावर वासराने पाठ वाकवली, तर बेंबी पिकली आहे असे समजावे. सगळीच सूज पिकण्याची नसते. बेंबीशी मऊ, गार, न दुखणारा फुगा असेल, दाबला की आत जात असेल आणि बोटाला पोटाच्या भिंतीत छिद्र लागत असेल, तर तो हर्निया. तो फोड समजून कापला तर आतडे बाहेर येईल, म्हणून फुगवट्याला घरी सुई-ब्लेड कधीच लावू नये.

फसवी बेंबी वेगळीच असते. बाहेरून ती जवळपास वाळलेली दिसते, पण आत शीर पिकलेली असते. म्हणून मी बेंबीइतकेच वासराच्या उठण्याकडे पाहतो. निरोगी वासराला हलवून उठवले की ते आधी मागचे पाय उचलते, क्षणभर पुढच्या गुडघ्यांवर टेकते, मग उभे राहते आणि लांबलचक आळस देते. ज्याच्या गुडघ्यात दुखणे सुरू झाले आहे ते तिथेच थबकते. उभे राहिले तर आळस देत नाही, पाठीला पोक काढून उभे राहते. मी वहिनींना खोदून विचारले तेव्हा त्यांना आठवले, की सहाव्या दिवसापासून ती हाक मारल्यावर उशिरा उठत होती आणि दूध अर्धेच प्यायची. त्यांना वाटले, पावसाने गारठली असेल. सूज दिसली आठव्या दिवशी. ते मधले दोन दिवस उपचाराचे खरे दिवस होते.

अशी शंका आली की थर्मामीटर लावावे. वासराचे तापमान साधारण १०१ ते १०३ फॅरनहाइट असते. या कालवडीचे १०४.२ होते. मग चारी पायांचे सांधे डाव्या-उजव्या जोडीने चाचपावेत. पुढचे गुडघे, मागच्या पायांचे घोटे आणि खुरांच्या वरचे सांधे बघावेत. एक बाजू दुसरीपेक्षा गरम लागते, त्यावरची कातडी ताणलेली असते. लाथ बसलेला सांधा बहुधा एकच असतो आणि ताप नसतो. बेंबीतून आलेल्या रोगात ताप असतो, आणि आज एक सुजला तर परवा दुसरा सुजतो. सांध्याच्या आतल्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रक्तातून आलेले जंतू तिथे अडकतात आणि वाढतात.

गुडघा स्वच्छ करून मी सुई घातली. निरोगी सांध्यातले पाणी फिकट पिवळे, पारदर्शक आणि बोटांत तार सुटेल इतके चिकट असते. या गुडघ्यातून पातळ, गढूळ पाणी आले, त्यात पांढरे कण. शंका उरली नाही. सलाइनने सांधा धुतला, प्रतिजैविक आणि वेदनाशामक सुरू केले. दादांना बजावून सांगितले की तीन दिवसांत ताप उतरेल, कालवड चालू लागेल, तरी इंजेक्शने थांबवायची नाहीत. किमान दोन आठवडे. सांध्यात औषध कमी पोचते, आणि अर्ध्यावर सोडलेला पू पुन्हा डोके काढतो. उशीर झाला तर पू गुळगुळीत कूर्चा खातो, आणि खाल्लेली कूर्चा कोणत्याही औषधाने परत येत नाही.

कालवड वाचली. ती आता गाभण आहे. उजवा गुडघा पुरता वाकत नाही, उठताना तिला वेळ लागतो. यंदा तिची आई पुन्हा व्याली, तेव्हा वहिनींनी वार पडायची वाट न पाहता तासाभरात चीक पाजला. दादा कप घेऊन पोटाखाली वाकले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर नाळेचा फोटो पाठवला आणि विचारले, "साहेब, अजून एकदा बुडवू का?" गोठा कोरडा होता, नाळ वाळायला लागली होती. तरी मी हो म्हणालो.