पासबुकातले रिकामे महिने

२०२५ सालच्या मे महिन्यात शेजारच्या वहिनी माझ्याकडे आल्या. हातात बँकेचे पत्र होते.

"गुरुजी, दुसऱ्या म्हशीसाठी ऐंशी हजार मागितले होते. बँक नाही म्हणाली. आता कशाला पुन्हा जायचं?"

मी म्हणालो, "आधी का नाही म्हणाली, ते तर वाचू."

मंडळी, लहान कर्ज नाकारले तर त्याचे मुख्य कारण लेखी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच बँकांना सांगितले आहे. असे पत्र मिळाले नसेल तर आधी ते मागा. कारण कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

वहिनींच्या पत्रात कारण होते : 'जुलै ते ऑक्टोबर २०२४ खात्यात उत्पन्न नाही.'

आम्ही पासबुक उघडले. दर दहा दिवसांनी डेअरीचे दुधाचे बिल जमा होत होते. जूनअखेर ते थांबले. नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा सुरू झाले. मधले चार महिने कोरे होते.

कारण साधे होते. म्हैस गाभण होती. ती आटली आणि विईपर्यंत भाकड राहिली. म्हैस सुमारे दहा महिने दहा दिवस गाभण असते. विण्याआधी निदान दोन महिने तिला विसावा लागतोच. पुष्कळ म्हशी त्याहून आधीच आटतात. हे आपल्याला ठाऊक असते. साहेबाला मात्र पासबुकात फक्त कोरी जागा दिसते.

वहिनींना कोणी सांगितले होते, "म्हैस आजारी होती असं लिहा, म्हणजे दया येईल." मी म्हणालो, "तसं लिहू नका. गुरांच्या दवाखान्यात नोंद असते. खोटं उघडं पडलं की खरंही कोणी मानत नाही. आणि आजारी म्हशीवर कर्ज कोण देईल?"

मग आम्ही दोन कागद मिळवले. डेअरीकडून दूध बंद आणि सुरू झाल्याच्या तारखांचा दाखला घेतला. गुरांच्या दवाखान्यातून म्हैस भरवल्याची आणि व्याल्याची नोंद घेतली. तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर त्यावर घालून घेतला. म्हैस तीच, हे त्यावरून कळते. मग पत्र लिहिले :

*दि. १२ मे २०२५*

*मा. कर्ज अधिकारी साहेब यांस,*

*विषय : म्हशीच्या कर्ज अर्जाचा फेरविचार होणेबाबत.*

*स. न. वि. वि.*

*माझा ८०,००० रुपयांचा अर्ज नाकारल्याचे आपले पत्र मिळाले. जुलै ते ऑक्टोबर २०२४ माझ्या खात्यात दुधाचे पैसे आले नाहीत, हे खरे आहे.*

*माझी म्हैस ३० डिसेंबर २०२३ रोजी भरवली होती. २० जून २०२४ ला ती आटली. ४ नोव्हेंबरला ती व्याली. त्या महिन्यापासून डेअरीला पुन्हा दूध जाते. त्या चार महिन्यांत घरखर्च मजुरीवर चालला. मजुरी रोख मिळाली, म्हणून खात्यात दिसत नाही.*

*एकच म्हैस असल्याने हा खंड पडतो. दुसरी म्हैस ताजी व्यालेली घेईन. पहिली आटेल तेव्हा दुसरीचे दूध चालू राहील. दुभत्या म्हशीचे दूध महिन्याला सरासरी १०,५०० रुपयांचे होते. एक दुभती व एक भाकड, अशा दोघींचा चारा-पेंड ७,५०० रुपये धरला, तर ३,००० रुपये उरतात. आपण सांगितलेला हप्ता सुमारे २,१०० रुपये आहे.*

*डेअरीचा दाखला व दवाखान्याची नोंद सोबत जोडली आहे. अर्जाचा फेरविचार व्हावा, ही विनंती.*

*आपली विश्वासू,*
*(सही, खाते नंबर, पत्ता)*

पाहा, पत्रात रडगाणे नाही. बँकेने दाखवलेली उणीव पहिल्याच ओळींत कबूल केली आहे. मग कारण आणि पुरावा दिला आहे. मुख्य म्हणजे, ज्या खंडामुळे कर्ज नाकारले, तोच खंड या कर्जाने भरून निघेल, हे आकड्यांनी दाखवले आहे. हिशेब करताना दोन्ही म्हशी दुभत्या धरल्या नाहीत. वाईट महिना धरला. त्यात हप्ता निघतो, तर चांगल्या महिन्यात निघेलच.

तुमच्या घरी खंडाचे कारण वेगळे असेल. ऊसतोडीला गेला असाल, बाळंतपण झाले असेल. तारखा आणि कागद तुमचे घाला. मात्र वाईट महिन्यात हप्ता निघतच नसेल, तर पत्र लिहून उपयोग नाही. कमी कर्ज मागावे.

पत्राच्या दोन प्रती कराव्या. एक बँकेत द्यावी, दुसरीवर तारखेसह पोच घेऊन घरी ठेवावी. फेरविचार केला म्हणजे कर्ज मिळालेच, असे नाही. पण या वेळी साहेबापुढे कोऱ्या पानाबरोबर त्याचे कारणही असेल.

वहिनींनी पत्र स्वतःच्या हाताने लिहिले. दोन ठिकाणी खाडाखोड झाली. मी म्हणालो, "असू द्या. वाचता येतंय."