बारा तारखेची नोटीस

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एखाद्या वाड्यात लातूरची मुलगी कॉट बेसिसवर राहते आहे, असं धरू. भाडं महिना 6,000 रुपये, डिपॉझिट 12,000. जुलैत ती आली आणि 12 ऑक्टोबरला घरी परतायचं ठरलं. नोटीस एक महिन्याची, म्हणून 12 नोव्हेंबरपर्यंतचंच भाडं द्यायचं, असा तिचा हिशेब. ती विचारते, "काकू, मी बारा नोव्हेंबरला कॉट सोडली तर चालेल ना?"

"सोड की. पण आमच्याकडे नोटीस एक तारखेपासून धरतात. नोव्हेंबरचं भाडं पूर्ण द्यावं लागेल."

म्हणजे अठरा दिवस न राहता 3,600 रुपये जाणार. हीच नोटीस 30 सप्टेंबरला दिली असती, तर 31 ऑक्टोबरला मोकळी झाली असती. म्हणून डिपॉझिट कधी परत मिळेल, हे विचारण्याआधी नोटीस कुठल्या तारखेपासून मोजणार, हे विचारायला हवं.

दुसरा प्रश्न लॉक-इनचा. सहा किंवा अकरा महिन्यांची अट असेल, तर त्याआधी निघणाऱ्याचं डिपॉझिट बुडेल, असं मालक सांगतात. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 74 मात्र करारातली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा मानतं. मिळायला हवी ती वाजवी भरपाई. त्यामुळे, "माझ्या जागी दुसरी मुलगी लगेच आली, तर किती कापाल?" हा प्रश्न रास्त आहे. रिकाम्या कॉटचं नुकसानच झालं नाही, तर पूर्ण डिपॉझिट ठेवून घेण्याचा दावा लंगडा पडतो. बरेच मालक बदली मुलगी आणली की नरमतात, ते यामुळेच.

तिसरी गफलत म्हणजे "शेवटचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा" असं स्वतःच ठरवून भाडं थांबवणं. मालकाची संमती नसेल, तर ते थकबाकीत जमा होतं. त्यापेक्षा भाडं भरावं, लाइट बिलाचा वाटा आणि मोडतोड यांचा हिशेब मागावा. या मुलीकडे 450 रुपये बिल निघालं, तर परत मिळायला हवेत 11,550.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये परवानाधारकाच्या व्याख्येतून पेइंग गेस्ट आणि हॉस्टेलमध्ये राहणारे वगळलेले आहेत. म्हणून इथे खरा आधार कागदाचाच. बोलणं झालं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहावं: "आज 12 ऑक्टोबरला नोटीस दिली, 30 नोव्हेंबरला कॉट सोडते, हिशेब करून डिपॉझिट कोणत्या तारखेला मिळेल ते कळवा." सोडताना कॉट, कपाट आणि भिंतींचे फोटो काढावेत. तरीही पैसे अडले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तिथेही पहिल्यांदा पुरावाच मागतील.